उतारावर नख काळं पडू नये म्हणून: अर्धा नंबर मोठा बूट आणि टाच धरून ठेवणारी लेस

कळसूबाईहून बारी गावात उतरलं की लोक पहिल्या ओट्यावर बसून बूट काढतात. दर खेपेला त्यात दोघा-तिघांच्या अंगठ्याचं नख जांभळं झालेलं असतं. चढताना कुणाचं काही दुखलेलं नसतं. मग ठरलेलं वाक्य येतं: "बूट लहान झाला, पुढच्या वेळी एक नंबर मोठा घेतो." पुढच्या वेळी मोठा बूट येतो आणि नख पुन्हा काळं होतं. आता पाय आतल्या आत आणखी लांबून सरकत येतो आणि जास्त जोरात आपटतो, एवढाच काय तो फरक.

मीही तीन वर्षं हेच केलं. बूट बदलत राहिलो, लेस मात्र शाळेत शिकलो तशीच बांधत राहिलो.

उतारावर तुम्ही पाऊल टाकता तेव्हा बुटाचा तळ कातळाला धरतो आणि बूट थांबतो. आतला पाय थांबत नाही. अंगाचा भार त्याला पुढे ढकलतो आणि अंगठ्याचं टोक बुटाच्या नाकावर बसतं. एका पावलात काही होत नाही. दोन-तीन तासांच्या उतरणीत हजारो पावलं पडतात, प्रत्येक वेळी नख मागे रेटलं जातं, त्याच्या खालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि नखाखाली रक्त साचतं. काळं दिसतं ते हेच.

याला दोन गोष्टी लागतात, आणि दोन्ही एकदम लागतात. बोटांपुढे थोडी रिकामी जागा हवी, आणि पाय त्या जागेत शिरू नये म्हणून टाच मागे अडकवून ठेवणारी लेस हवी. नुसती जागा दिली तर पाय धावतो. नुसती लेस आवळली तर पाय फुगल्यावर बोटांना जायला वाव राहत नाही. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा. बूट आधीच घेतलेला असेल तर पहिल्या टप्प्यातली मोजणी तरी करा आणि मग थेट चौथ्यावर या.

## टप्पा १: पाय मोजणे

दुकानात जाण्याच्या आदल्या संध्याकाळी घरी मोजा. सकाळी नको. दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडा फुगतो, आणि उतरणीच्या वेळी तुमचा पाय असाच फुगलेला असणार आहे. जे मोजे घालून ट्रेक करता तेच पायात घाला.

भिंतीला टेकवून जमिनीवर कागद ठेवा. टाच भिंतीला लागेल असं त्यावर उभं राहा आणि सगळा भार त्याच पायावर द्या. पेन्सिल सरळ उभी धरून सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी खूण करायची. ही खूण दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, कारण स्वतः वाकलात की भार टाचेवरून सरकतो आणि माप चुकतं. मग दुसरा पाय. दोन पाय बहुधा सारखे निघत नाहीत. जो मोठा तो धरायचा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे अंगठ्याचं माप घेणं. बऱ्याच जणांचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं. त्यांचं नख तिथेच काळं होतं आणि ते मात्र "अंगठ्याला तर जागा होती" असं म्हणत राहतात.

आता सध्या वापरता त्या बुटातली आतली तळपट्टी बाहेर काढा. हिला इनसोल म्हणतात, आणि बहुतेक ट्रेकिंग बुटांत ती सुटी असते. जमिनीवर ठेवून तिच्यावर उभं राहा. टाच मागच्या गोलाईत नीट बसवा आणि लांब बोटापुढे किती पट्टी उरते ते बघा. लांब उतारासाठी साधारण १० ते १२ मिलिमीटर उरायला हवी, म्हणजे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीच्या साधारण निम्मी.

तपासणी: वापरलेल्या पट्टीवर बोटांचे ठसे उमटलेले असतात. ठसे पट्टीच्या काठाला भिडलेले असतील तर बूट आखूड आहे. ठसे दोनदा उमटल्यासारखे, पुढे-मागे ओढलेले दिसत असतील तर लांबी पुरेशी आहे, पण पाय आत सरकतोय. अशा वेळी नवा बूट घेऊ नका, आधी लेस सुधारा.

## टप्पा २: अर्धा नंबर म्हणजे नेमकं किती

आपल्याकडे डब्यावर जो यूके नंबर असतो, त्यात एका नंबरामागे लांबी सुमारे साडेआठ मिलिमीटरने वाढते. अर्ध्या नंबराला चार मिलिमीटरच्या थोडी वर. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण नख बुटाला लागणं आणि न लागणं यातलं अंतर एवढंच असतं.

आमच्या ग्रुपमधल्या एकाचं उदाहरण घेऊ. रोजच्या बुटाचा नंबर यूके ८, ट्रेकिंगचाही ८. संध्याकाळी मोजे घालून मोजलेला मोठा पाय २६४ मिलिमीटर. आठ नंबरच्या बुटातली तळपट्टी २७२. म्हणजे पुढे आठच मिलिमीटर. सपाटीला हे चालून जातं, उतारावर नाही. साडेआठ नंबरच्या बुटात पट्टी २७६ निघाली, पुढे १२ मिलिमीटर. नऊ नंबर घेतला असता तर जागा १६ मिलिमीटरच्या पुढे गेली असती. तेवढ्या लांब बुटाचा वाकण्याचा भाग त्याच्या चवड्याखाली येत नव्हता, चालताना बूट एका जागी वाकायचा आणि पाय दुसऱ्या जागी. त्याने साडेआठ घेतला.

हे आकडे त्या बुटाचे आहेत, तुमच्या बुटाचे नाहीत. एका कंपनीचा आठ दुसरीच्या साडेसातएवढा निघू शकतो. म्हणून "मी नेहमीपेक्षा अर्धा नंबर वर घेतो" हा नियम डोळे मिटून लावू नका. नियम १० ते १२ मिलिमीटरचा आहे. ज्यांचा रोजचा बूट बेताचा असतो त्यांच्यासाठी तो बहुतेक वेळा अर्ध्या नंबराएवढा भरतो. तुम्ही आधीच ऐसपैस बूट घालणारे असाल तर तुम्हाला आहे तोच नंबर पुरेल.

इशारा: करंगळी बाजूने दाबली जात असेल, चवडा दोन्हीकडून चेपला जात असेल, तर तो रुंदीचा प्रश्न आहे. लांबी वाढवून रुंदी नावापुरतीच वाढते. अशा पायाला रुंद घडणीचा बूट शोधावा लागतो. नंबर चढवत गेलात तर टाच सुटते आणि पुढचा त्रास वाढतो.

अर्धे नंबर मिळतच नसतील तर? आपल्या बाजारात बरेच ट्रेकिंग बूट फक्त पूर्ण नंबरात येतात. अशा वेळी पुढे सहा-सात मिलिमीटर देणारा लहान नंबर आणि पंधरा-सोळा देणारा मोठा, यातला मोठा घ्या आणि जास्तीची पोकळी भरून काढा. ती भरायची जागा बुटाचं नाक नव्हे. बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला पातळ फोमचा किंवा नमद्याचा तुकडा चिकटवा. पाय वरून दाबला जातो आणि टाच मागच्या खोबणीत ढकलली जाते. मूळ तळपट्टीखाली आणखी एक पातळ पूर्ण लांबीची पट्टी घातली तरी पायाची उंची वाढून लेसला पकड मिळते. नाकात कापूस कोंबणारे लोक मी पाहिले आहेत. बूट मोठा घेऊन मिळवलेली जागा त्यांनी स्वतःच्या हाताने बुजवलेली असते.

## टप्पा ३: दुकानातल्या चार चाचण्या

दुकानात संध्याकाळीच जा आणि ट्रेकचे मोजे बरोबर न्या. दुकानातले तलम मोजे घालून बूट बघण्यात अर्थ नाही.

पहिली चाचणी लेस न बांधता. पाय पुढे सरकवून बोटं नाकाला टेकवा. मागे टाच आणि बूट यांच्यामध्ये तुमचं तर्जनीचं बोट जेमतेम उतरलं पाहिजे. उतरतच नसेल तर आखूड. दोन बोटं उतरत असतील तर फार लांब.

दुसरी लेस बांधून. बसल्या बसल्या टाच मागे ठोकून बसवा, पुढे पाचव्या टप्प्यात सांगितली आहे तशी लेस बांधा आणि दुकानात पाच-दहा मिनिटं चाला. टाच किंचित उचलली जाणं नव्या बुटात चालतं. प्रत्येक पावलाला टाच वर येऊन परत बसत असेल तर त्या बुटाची मागची खोबण तुमच्या टाचेपेक्षा मोठी आहे. असा बूट कुठल्याही लेसने पुरता सुधारत नाही. ठेवून द्या.

तिसरी चाचणी सगळ्यांत महत्त्वाची, आणि लोक तीच टाळतात, कारण दुकानात संकोच वाटतो. जिना शोधा आणि जरा धसमुसळेपणाने उतरा. काही दुकानांत चढ-उताराची लाकडी फळी असते, तिच्यावर तोंड उताराकडे करून उभं राहा आणि जागच्या जागी टुणटुण उड्या मारा. बोटं पुढे लागता कामा नयेत.

चौथी: पायाचं टोक जमिनीवर तीन-चार वेळा ठोका. पहिल्या ठोक्याला बोट लागलं तर बूट किंवा लेस चुकली. चौथ्या ठोक्याला हलकंसं लागलं तर लेस जरा आवळून पुन्हा बघा.

"वापरून सैल होईल हो, घेऊन टाका," असं दुकानदार म्हणेल. बूट वापरून रुंदीला थोडा सैलावतो, वरच्या बाजूने मऊ होतो. लांबीला वाढत नाही. पुढच्या भागावर कडक रबर असतं, ते दहा ट्रेकनंतरही तिथेच असतं.

## टप्पा ४: नखं, मोजे आणि लेस

नखं ट्रेकच्या दोन-तीन दिवस आधी कापा. आदल्या रात्री कापली तर कडा धारदार राहतात, आणि घाईत खोल कापलं गेलं तर तीच जागा दुसऱ्या दिवशी ठणकते. सरळ रेषेत कापा, कोपरे आत गोलाकार काढू नका, आणि वरची कड कानशीने घासून घ्या. बोट मोज्यावरून आडवं फिरवलं तर नख अडकता कामा नये. वाढलेलं नख म्हणजे फुकट घालवलेले दोन मिलिमीटर. इतका खटाटोप करून अर्धा नंबर मिळवायचा आणि त्यातला निम्मा नखाने खायचा, हे बरं नव्हे.

मोजे लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या. सुती मोजा घामाने आणि पावसाने भिजून पायाखाली गोळा होतो, आणि ओल्या मोज्यात पाय जास्त सरकतो. बोटांवरून जाणारी जाड शिवण असलेला मोजा नखावर दिवसभर घासत राहतो, म्हणून शिवण सपाट असलेला निवडा. एकावर एक दोन जाड मोजे घालू नका. मिळवलेली जागा त्यात जाते.

आता लेस बघा. गोल गुळगुळीत लेस ओली झाली की गाठ सुटते, चपटी जास्त धरते. पुढे सांगितलेल्या बांधणीला लेस नेहमीपेक्षा लांब लागते, त्यामुळे शेवटी सुरगाठ मारायला टोकं पुरत नसतील तर एक माप लांब लेस आणा. एक जादा लेस सॅकमध्ये ठेवा, वजन काही नाही.

## टप्पा ५: लेस बांधणे

पायाचे लेसच्या दृष्टीने तीन भाग असतात. पुढचा भाग बोटांवरचा, मधला पायाच्या पाठीवरचा, आणि तिसरा घोट्यापाशी, जिथे पाय नडगीला मिळून वाकतो. लोक तिन्ही भाग एकाच ताणाने आवळतात. खरं तर पुढचा भाग सैल हवा, मधला बेताचा आणि वाकण्याच्या जागी सगळ्यात घट्ट. उतारावर पाय मागे धरून ठेवते ती या वाकणावरची लेस. बोटांवर आवळलेली लेस पाय रोखत नाही, नुसती बोटं दाबते.

१. सगळी लेस खालपर्यंत सैल करा. नुसती वरची गाठ सोडून पुन्हा आवळू नका. जुना ताण खालच्या भोकांत अडकून राहतो.

२. टाच बसवा. पाय घालून बोटं वर उचला आणि टाच जमिनीवर दोन-तीनदा ठोका. टाच मागच्या खोबणीत गच्च बसल्याचं जाणवतं. इथून गाठ मारेपर्यंत पाय तसाच ठेवा, टाच टेकलेली आणि बोटं वर. पाय सपाट ठेवून बांधली तर पहिल्या पन्नास पावलांत लेस सैलावते.

३. पुढची दोन-तीन भोकं. लेसचा लोळ पडू नये एवढंच ओढा. बुटाच्या आत बोटं उघड-मीट करता आली पाहिजेत.

४. दुहेरी पिळाची अडसर-गाठ. पायाची पाठ संपून वाकण सुरू होतं, त्याच्या जरा खाली ही मारायची. साधी निरगाठ मारताना एक टोक दुसऱ्याभोवती एकदा फिरवतो. इथे दोनदा फिरवा आणि दोन्ही टोकं बाजूला ओढा. दोन पीळ एकमेकांवर घट्ट बसतात आणि हात सोडला तरी लेस मागे सरकत नाही. या एका गाठीने बुटाचे दोन कप्पे होतात, खाली सैल आणि वर घट्ट. उंच बुटात भोकं संपून हुक सुरू होतात, ही गाठ बहुधा त्याच जागी येते. पहिल्या हुकानंतर तशीच आणखी एक मारली तर पकड पक्की होते.

५. टाचेचा फास. घोट्याखालच्या कमी उंचीच्या बुटाला सगळ्यात वर, जरा मागे, एक जादा भोक असतं. बहुतेकांनी ते कधी वापरलेलंच नसतं. डाव्या बाजूची लेस डाव्याच बाजूच्या त्या भोकात बाहेरून आत घाला, पण पूर्ण ओढू नका. खालच्या भोकातून बाहेर आलेली लेस आणि वरचं भोक यांच्यामध्ये करंगळी जाईल एवढा छोटा फास बाहेर राहू द्या. उजवीकडेही तसंच. आता डावं टोक जिभेवरून पलीकडे नेऊन उजव्या फासातून ओवा, उजवं टोक डाव्या फासातून. मग दोन्ही टोकं आधी खाली, टाचेच्या दिशेने ओढा. फास आवळतात आणि बुटाची मागची बाजू घोट्याभोवती मिठी मारल्यासारखी येते. त्यानंतर वर ओढून गाठ मारा.

उंच बुटात जादा भोक नसतं, हुक असतात. तिथे चौथ्या पायरीतली अडसर-गाठ वाकणाच्या खाली आणि वर अशी दोनदा मारून वरच्या हुकांना साधी लेस घेतली की तोच परिणाम मिळतो. सगळ्यात वरचा हुक फार आवळू नका. उतारावर नडगी पुढे झुकते आणि तिथली घट्ट लेस कातडीला चावते.

६. शेवटची गाठ. सुरगाठ मारा आणि तिची पानं बुटाला आडवी पडतात का बघा. पानं बोटांकडून घोट्याकडे उभी पडत असतील तर दुसरी फेरी उलटी गेली आहे आणि गाठ वाटेत सुटणार. दुसऱ्या अर्ध्या गाठीची दिशा बदलून पुन्हा मारा. वर पानांची आणखी एक गाठ.

तपासणी: उभं राहून बुटाचं टोक दगडाला हलकेच ठोका. बोट लागू नये. मग चवड्यावर उभं राहा, टाच बुटातून सुटू नये. बोटं आत हलली पाहिजेत. पायाच्या पाठीवर मुंग्या येत असतील तर मधला भाग एक घर सैल करा.

घरी आठ-दहा वेळा बांधून बघा. पहिल्यांदा पाच मिनिटं लागतात, नंतर मिनिटभरात होतं. डोंगरमाथ्यावर गार वाऱ्यात, मागे चार माणसं ताटकळत उभी असताना पहिला प्रयोग करू नये.

## टप्पा ६: लहान उतारावर परीक्षा

नवा बूट थेट मोठ्या ट्रेकला न्यायचा नाही. पुणेकरांना सिंहगडाची आतकरवाडीची वाट आहे. तुमच्या गावाजवळ तासभर सलग उतार देणारी एखादी टेकडी असेलच. चढून जा, वर लेस बांधा आणि न थांबता उतरा.

खाली आल्यावर लगेच बूट काढून अंगठ्याचं नख वरून दाबून बघा. हुळहुळत असेल तर नख काळं पडलेलं नसलं तरी मार लागलेला आहे. मोठ्या उतरणीत हाच मार तिप्पट होईल. अशा वेळी लेसची मधली आणि वाकणावरची पकड वाढवून पुढच्या रविवारी परत करा. दोनदा करूनही दुखत असेल तर जागा कमी आहे, आणि मग अर्धा नंबर चढवायलाच हवा.

## टप्पा ७: प्रत्यक्ष ट्रेकला, चढताना एक बांधणी आणि उतरताना दुसरी

आता कळसूबाई. उंची १६४६ मीटर, बारीकडून चढाई साधारण आठशे मीटरच्या घरातली. म्हणजे तेवढंच उतरायचं, आणि तेही शिड्या, कातळ, पायऱ्या, घसारा असं सगळं पायाखालून काढत.

सकाळी बारीतून निघताना लेस बेताची ठेवा. चढताना भार चवड्यावर असतो आणि घोटा जास्त वाकतो. तेव्हा वाकणावर गच्च बांधलं तर नडगीला आणि पायाच्या पाठीला त्रास होतो, आणि बोटं पुढे आपटायचा प्रश्न तेव्हा नसतोच. टाच वर-खाली घासून फोड येत असेल तर मात्र दुहेरी पिळाची गाठ चढतानाही ठेवा.

माथ्यावर देवीचं दर्शन झालं, फोटो झाले, की लोक तसेच उठून चालू लागतात. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. निघण्याआधी बसा, बूट काढा, मोजा ओढून त्याची सुरकुती काढा, मोजा भिजला असेल तर बदला, आणि पाचवा टप्पा पहिल्यापासून करा. सकाळपासून पाय फुगलेला असतो, लेस ताणून ढिली झालेली असते. सकाळची बांधणी दुपारी त्याच ताणाची राहिलेली नसते.

"दादा, लेस तर घट्टच आहे की," असं एक जण मागच्या वेळी म्हणाला. मी त्याला बूट पुढे करायला लावून जिभेवरच्या मधल्या आडव्या लेसखाली बोट घातलं. बोट आरामात आत गेलं. गाठ घट्ट होती, लेस नव्हती. त्याने कुरकुरत पुन्हा बांधली.

तपासणी, उतरायला लागल्यावर दहा मिनिटांनी: थांबा आणि पुन्हा आवळा. ही विश्रांती नाही, पायरीच आहे. पहिल्या दहा मिनिटांत टाच खोबणीत आणखी बसते, मोजा दबतो आणि लेसला पाव-अर्धा सेंटिमीटर ढील मिळते. कळसूबाईला माथ्याखाली विहिरीपाशी सगळे लिंबूसरबताला थांबतातच. तिथे हे उरकून घ्या. पावसाळ्यात ओल्या लेसला ढील जास्त मिळते, तेव्हा आणखी एकदा.

पावलं लहान टाका आणि गुडघा थोडा वाकलेला ठेवा. लांब ढांग टाकून टाचेवर आदळत उतरणाऱ्याचा पाय प्रत्येक वेळी पुढे फेकला जातो, मग लेस कितीही चांगली असो.

## बिघाड कुठे आहे ते कसं ओळखायचं

उतरताना काय दुखतंय यावरून कारण कळतं. पाऊल टेकताक्षणी बोटाचं टोक ठोकल्यासारखं दुखत असेल आणि टाच मागे सैल वाटत असेल, तर पाय सरकतोय. वाकणावरची अडसर-गाठ पुन्हा मारा. टाच घट्ट आहे, पण बोट सतत दाबल्यासारखं ठणकतंय, तर बूट आखूड आहे किंवा मोजा फार जाड आहे. पातळ मोजा घालून बघा. बोटं बधिर झाली असतील तर पुढचा भाग आवळला गेला आहे, तिसरी पायरी सैल करा. पायाच्या पाठीवर एकाच जागी लेस रुतत असेल तर त्या जागेवर लेस आडवी नेऊ नका. दोन्ही बाजूंनी सरळ वरच्या भोकात न्या आणि त्याच्या वर पुन्हा आडवी घ्या. दुखऱ्या जागेवर एक खिडकी राहते आणि टाचेची पकड जात नाही.

एकाच अंगठ्याच्या नखावर बूट वरून घासत असेल तर आणखी एक युक्ती आहे: लेसचं एक टोक अंगठ्याजवळच्या भोकातून थेट पलीकडच्या सर्वांत वरच्या भोकात तिरकं न्यायचं आणि बाकी सगळी भोकं दुसऱ्या टोकाने भरायची. तिरकी लेस ओढली की बुटाचं नाक जरा वर उचललं जातं. मऊ कापडी बुटात हिचा उपयोग होतो. कडक नाकाच्या ट्रेकिंग बुटात मला फारसा फरक जाणवला नाही, आणि टाचेचा फास सोडून ही करण्यात तर काहीच अर्थ नाही.

## वाटेतच कळलं की बूट आखूड आहे

दुहेरी पिळाची गाठ मारा, पातळ मोजा घाला आणि तळपट्टी काढून सॅकमध्ये टाका. पट्टी काढल्याने बूट लांब होत नाही, पण बोटांवरची उंची वाढते आणि दाब थोडा कमी होतो. त्यासोबत टाच मात्र सैलावते, म्हणून वाकणावर आणखी आवळावं लागतं. दुखऱ्या बोटाला चिकटपट्टी गुंडाळताना एकच फेरा घ्या. जाड बांधलं तर आहे तीही जागा जाते. तीव्र उतारावर थोडं तिरकं, नागमोडी उतरलं की बोटांवरचा सरळ मार वाचतो.

## नख काळं झालंच तर

दुखत नसेल तर काही करू नका. साचलेलं रक्त नखाबरोबर वाढत पुढे जातं. अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला वर्ष ते दीड वर्ष लागतं, तेवढा काळ डाग दिसणार. नख सुटू लागलं तर ओढून काढू नका, चिकटपट्टीने दाबून ठेवा आणि सुटलेला भाग तेवढा कापत जा.

पहिल्या दिवशीच नख ठणकत असेल, झोप लागत नसेल, तर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जा. ते नखाला बारीक छिद्र पाडून रक्त काढतात आणि ठणका लगेच उतरतो. रक्त गोठल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. तापवलेली सुई घेऊन घरी हा प्रयोग करणारे प्रत्येक ग्रुपमध्ये एक-दोन असतात, त्यांचं ऐकू नका. मधुमेह असलेल्यांनी तर दुखो वा न दुखो, दाखवूनच घ्यावं. आणि काहीही मार लागलेला नसताना नखात काळी उभी रेघ आली, किंवा डाग महिनोन्‌महिने पुढे न सरकता तिथेच राहिला, तर तो बुटाचा दोष समजून सोडून देऊ नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

नखाच्या मुळाशी नखावर पेनाने बारीक खूण करून तिचा फोटो काढून ठेवा. महिन्याभराने डाग आणि मूळ यांच्यामध्ये स्वच्छ नखाची पट्टी दिसली, तर डाग पुढे सरकतोय. पुढच्या ट्रेकनंतर त्या स्वच्छ पट्टीत नवा डाग आला, तर लेस पुन्हा पहिल्या पायरीपासून तपासायला घ्या.